जखमेवरचा मध: नळीतला, बरणीतला आणि गरम केलेला

जावळीकर (धागाकर्ती)

माझे वडील गेली तीस वर्षे मेढ्याच्या वरच्या अंगाला सातेरी मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतात. गेल्या महिन्यात पेटी उतरवताना पत्र्याची कड लागून त्यांच्या नडगीवर चार बोटे लांबीची जखम झाली. आठ दिवस घरीच पट्टी बांधली, त्यात ती चिघळली, आणि शेवटी साताऱ्याला दाखवावे लागले. सर्जनांनी जखम साफ केली, मेलेली कातडी काढली आणि त्यानंतर एक दिवसाआड मधाचे ड्रेसिंग सुरू केले. हा मध नळीतून येतो आणि गॉजवर पसरून लावतात. नळीची किंमत ऐकून वडील म्हणाले, "घरात पाच किलो जांभळाचा मध पडून आहे, तो का नको?" त्यावर ड्रेसिंग करणारे दादा शांतपणे म्हणाले, "काका, तुमचा मध पहिल्या दिवशी चालेल, दुसऱ्या दिवशी त्याचा नुसता पाक होईल."

हे वाक्य वडिलांना लागले आणि मला कोड्यात टाकून गेले. मध जंतूंना कशामुळे रोखतो, ते कारण पहिल्या दिवशी असते आणि दुसऱ्या दिवशी नसते असे होऊ शकते का, आणि नळीतल्या मधात ते टिकते तर पेटीतल्या मधात का टिकू नये, हे मला समजून घ्यायचे आहे. वडिलांच्या पायावर घरचा मध लावण्याचा विचार नाही, हे आधीच सांगते. उपचार चालू आहेत तसेच राहतील.

वाईचा विनायक

याचे उत्तर सोपे आहे. मध आंबट असतो, म्हणजे त्याचा सामू साधारण चारच्या आसपास असतो, आणि एवढ्या आम्लात जंतू जगत नाहीत, जसे लोणच्यात जगत नाहीत. शिवाय मधात हायड्रोजन पेरॉक्साइड असते. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी जी फेसाळणारी बाटली मिळते, तेच हे द्रव्य आहे. म्हणजे आम्लही आहे आणि पेरॉक्साइडही आहे, मग नळीतला काय आणि बरणीतला काय, काम तेच होणार. दादांनी नळी खपावी म्हणून तसे सांगितले असावे.

आजीचा बटवा

आमच्याकडे आल्याचा रस आणि मध सकाळी अनशापोटी देतात, खोकला तीन दिवसांत बसतो. लहान बाळालाही बोटावर चाटवतात. जांभळाचा मध शुगरवाल्यांनाही चालतो असे ऐकून आहे.

मिरजेची सिस्टर

बटवा ताई, धागा जखमेवर लावण्याच्या मधाबद्दल आहे, खाण्याच्या नाही. तरी एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि एवढ्या लहान आतड्यात ते रुजू शकतात. जांभळाचा मध झाला तरी ती साखरच आहे, शुगर असणाऱ्यांनी तो मोजूनच खावा.

कृष्णाकाठ

मी सांगलीत बरीच वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे. विनायकरावांनी सांगितलेली दोन्ही द्रव्ये बरोबर आहेत, पण ती मधात ज्या रीतीने असतात असे त्यांना वाटते त्या रीतीने ती नसतात, आणि ड्रेसिंगवाल्या दादांच्या वाक्याचे मर्म नेमके तिथेच आहे.

आधी पेरॉक्साइडचे पाहू. बरणीतल्या दाट मधात ते जवळजवळ नसते. मधात असते ते ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर, जे मधमाशी आपल्या डोक्यातल्या ग्रंथींतून मकरंदात मिसळते. हे विकर ग्लुकोज, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी घेऊन ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. पोळ्यात मकरंद पातळ असताना हे काम जोरात चालते, आणि मधमाश्यांसाठी तीच सोय आहे, कारण अर्धवट पिकलेला मध नासू नये म्हणून तेव्हाच राखण हवी असते. मध पिकून दाट झाला की विकराला मोकळे पाणी मिळत नाही, आम्लही वाढलेले असते, आणि ते झोपी जाते. मेलेले नसते, झोपलेले असते. जखमेतून लस झिरपून मध पातळ झाला की ते पुन्हा जागे होते. मधातल्या या जंतुरोधक गुणाला १९३७ मध्ये जर्मन संशोधकांनी 'इनहिबिन' असे नाव दिले होते, पण ते द्रव्य कोणते हे कळत नव्हते. ते दुसरे तिसरे काही नसून हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, हे १९६३ मध्ये अमेरिकेत व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

औषधाच्या दुकानातल्या बाटलीशी तुलना करायची तर प्रमाणाचे भान ठेवावे लागेल. बाटलीत ३ टक्के पेरॉक्साइड असते. पातळ झालेल्या मधात जे तयार होते ते त्याच्या साधारण हजाराव्या भागाइतके असते. बाटलीतले द्रव्य जखमेवर ओतले की फेस येतो, कारण रक्तातले आणि पेशींतले कॅटॅलेज ते लगेच फोडून त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. दोन मिनिटांत खेळ संपतो, आणि त्या दोन मिनिटांत नवी कातडीही पोळते. मधातून ते थोडे थोडे पण तासन्‌तास येत राहते. फोडले गेले तरी मागून नवे येतच असते.

आता आम्ल. मधाचा सामू ३.२ ते ४.५ च्या दरम्यान असतो हे खरे आहे. परंतु लोणच्याची उपमा इथे लागू पडत नाही, कारण लोणचे बरणीत बंद असते आणि जखम ही वाहती जागा आहे. जुन्या जखमेतली लस अल्कधर्मी असते, तिचा सामू सातच्या वर जातो, आणि तिच्यात बायकार्बोनेट व प्रथिने असल्याने ती आम्ल पटकन गिळते. मधाच्या थराला लागून काही काळ सामू खाली येतो, आणि त्याचा जखमेतल्या ऊती कुरतडणाऱ्या विकरांवर काही परिणाम होतोही, पण केवळ आम्लाने जंतू मरतात असे म्हणणे टिकत नाही. गंमत अशी आहे की लसेने आम्ल थोडे मारले गेले, सामू सहाच्या जवळ आला, की ग्लुकोज ऑक्सिडेज जास्त जोमाने चालते. जी लस मधाचे एक शस्त्र बोथट करते, तीच दुसऱ्याला धार लावते.

जावळीकर

सर, हे फार स्पष्ट झाले. पण मग पहिल्या दिवशी, मध दाट असताना आणि पेरॉक्साइड झोपेत असताना, जंतूंना रोखतो कोण? आणि दादा म्हणाले तसा "पाक" नेमका केव्हा होतो?

कृष्णाकाठ

पहिल्या दिवशी साखर रोखते. मधात पाणी साधारण १७ ते २० टक्के असते, पण ते जवळजवळ सगळे साखरेच्या रेणूंनी धरून ठेवलेले असते. जंतूला वापरता येईल असे पाणी किती उरले, याचे माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची ती १ धरतात. मधाची ०.६ च्या आसपास असते. बहुतेक जंतूंना ०.९ च्या वर लागते. त्याखाली त्यांच्या पेशीतले पाणीच बाहेर ओढले जाते आणि त्यांची वाढ थांबते.

परंतु सगळे जंतू सारखे नाहीत. जखमेत नेहमी भेटणाऱ्या दोघांची तुलना करा. हिरवट पू आणि गोडसर वास आणणाऱ्या स्युडोमोनासला ०.९७ च्या खाली वाढता येत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र चिवट आहे. मिठाच्या पाण्यात आणि घामट कातडीवर राहण्याची त्याला सवय असते, आणि तो साधारण ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो.

आता वडिलांच्या पट्टीचे गणित करून पाहू. दहा सेंटिमीटर चौरस गॉजवर साधारण २० मिलिलिटर मध लावतात असे धरा. मध पाण्याच्या १.४ पट जड असतो, म्हणजे तो २८ ग्रॅम झाला. त्यात ५ ग्रॅम पाणी आणि २३ ग्रॅम साखर. जखमेतून लस येऊ लागली आणि मधात मिसळत गेली, तर किती लसेला स्टॅफिलोकॉकसची मर्यादा ओलांडली जाईल? साखरेच्या रेणूंवरून ढोबळ हिशेब केला तर साधारण ९ ते १० मिलिलिटर येते, म्हणजे मधाच्या जवळजवळ निम्मे. स्युडोमोनाससाठी हाच हिशेब केला तर सुमारे ७० मिलिलिटर येते. कागदावरचे हे गणित प्रत्यक्षात थोडे इकडेतिकडे होईल, कारण लस सगळ्या मधात एकसारखी मिसळत नाही, आणि जखमेला टेकलेला थर सगळ्यांत आधी पातळ होतो. पण क्रम तोच राहतो. एका दिवसात १० मिलिलिटर लस देणारी जखम काही फार वाहती म्हणता येणार नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साखर एकटी असेल, तर स्युडोमोनास अजून दाबलेला असेल, पण स्टॅफिलोकॉकसला दार उघडले असेल. दादांनी "पाक" म्हटले ते याला.

आणि नेमके तेव्हाच पेरॉक्साइडचा कारखाना चालू झालेला असला पाहिजे. चांगला कच्चा मध पाण्याने पाच-दहा टक्क्यांपर्यंत पातळ केला तरी स्टॅफिलोकॉकसला रोखतो, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. त्याच प्रमाणात साखरेचा पाक केला तर काही होत नाही. पाकाला तीच ताकद यायला कितीतरी पट जास्त दाट राहावे लागते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात असे होईल: तुमच्या बरणीतल्या मधात विकर जिवंत असेल तर त्याचा पाक होणार नाही, आणि मेलेले असेल तर होईल.

वाईचा विनायक

सर, चूक लक्षात आली. पेरॉक्साइड बरणीत असते असेच मी इतकी वर्षे समजत होतो. मग जावळीकर ताईंच्या घरचा मध पेटीतून थेट काढलेला असेल तर विकर जिवंतच असणार ना? म्हणजे दादा चुकलेच.

कराडचा प्रक्रियावाला

मी मध गाळण्याच्या आणि भरण्याच्या युनिटमध्ये काम करतो, म्हणून एक बाजू सांगतो. सातेरीच्या मधात पाणी जास्त असते. आपल्या डोंगरात २० ते २२ टक्के सहज निघते, आणि पावसाच्या तोंडावर चौकटी पूर्ण बंद होण्याआधी काढला तर त्याहूनही अधिक. खाद्य मधाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि इतक्या पाण्याचा मध ठेवला तर त्यात यीस्ट जागे होऊन झाकण फुगते. म्हणून आम्ही मध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवतो, गाळतो, आणि निर्वात पोकळीत पाणी उडवून तो १९ च्या आत आणतो. खाण्यासाठी यात काही वाईट नाही. पण सर म्हणतात ते विकर यातून कितपत वाचते, हे आम्हाला कधी कोणी विचारले नाही. आमच्या तपासणी अहवालात पाणी, एचएमएफ, डायस्टेज असे रकाने असतात. ग्लुकोज ऑक्सिडेजचा रकाना नसतो.

घरगुती मधाचेही सांगतो. बरेच जण मध गोठला की बरणी उकळत्या पाण्यात ठेवतात, आणि कित्येक जण दुकानाच्या काचेत उन्हात मांडतात. ताई, तुमच्याकडे गोठलेला मध कसा सोडवता?

जावळीकर

खरे सांगायचे तर चुलीवर पातेल्यात पाणी ठेवून त्यात डबा ठेवतो. पाणी उकळेपर्यंत. वडिलांना हा धागा वाचून दाखवत होते, ते इथे येऊन थांबले आणि म्हणाले, "म्हणजे मी दर हिवाळ्यात मारतोय की त्याला."

मिरजेची सिस्टर

मी सर्जिकल वॉर्डात आहे, मधाची ड्रेसिंग हातून बरीच झाली. गणित बाजूला ठेवून डोळ्यांना काय दिसते ते सांगते.

पट्टी सोडताना मी आधी बाहेरचा कापूस पाहते. तो बाहेरून भिजला असेल तर मध आत उरलेला नाही, वाहून गेला आहे. मध शरीराच्या उबेने पातळ होतो आणि उताराकडे सरकतो. नडगीवर तर तो घोट्याकडेच जातो, आणि जखम वर कोरडी राहून खाली कातडी पांढरी, सुरकुतलेली, पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी होते. म्हणून मध जखमेवर ओतायचा नसतो, गॉजमध्ये जिरवायचा असतो. त्यावर शोषून घेणारे पॅड आणि मग पट्टी. आतला गॉज उचलल्यावर तो अजून चिकट आणि सोनेरी असेल तर एक दिवसाआड बदलणे पुरते. तो पाणीदार आणि फिका निघाला तर रोज, किंवा पहिले दोन-तीन दिवस दिवसातून दोनदा. जखम साफ होत गेली की लस कमी होते आणि अंतर आपोआप वाढते.

दुसरे, काहींना आग होते. थोडी चुरचुर अर्ध्या तासात थांबते. थांबली नाही तर सलाईनने धुऊन टाकतो आणि डॉक्टरांना सांगतो. पट्टी नीट बंद केली नाही तर रात्री मुंग्या येतात, हे पुस्तकात नसते, पण आमच्या वॉर्डात खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची वेळ आलेली आहे.

आणि आतून पिवळी चिकट साय येते, ती पाहून नातेवाईक घाबरतात. ती नेहमी पू नसते. मधाने सैल झालेला मृत थर असतो, धुतला की खाली लाल दिसते. पण वास बदलला, भोवतीची लाली पसरत गेली, ताप आला, तर मग मधाचा विचार सोडून डॉक्टर.

कोरेगावचा शिवाजी

माझा अनुभव उलटा आहे आणि तो सांगायलाच हवा. सासऱ्यांना बारा वर्षे शुगर आहे. अंगठ्याखाली फोड आला, फुटला. कोणीतरी मधाचे सांगितले, घरात बाटलीबंद मध होता, त्यात हळद घालून आम्ही रोज भरत होतो. वरून जखम बारीक होत गेली, आम्ही खूश. वीस दिवसांनी पाय सुजला. दाखवले तेव्हा आत हाडापर्यंत पोकळी गेली होती आणि दोन बोटे काढावी लागली. मध निकामी आहे असे माझे मत झाले आहे.

सर्जन, सांगली

शिवाजीराव, वाईट वाटले. यात मधाचा दोष किती आणि आपला किती, हे स्पष्ट बोलतो. शुगरच्या पायाची जखम ही वरून दिसते तेवढी नसते. पायाला संवेदना नसते, रक्त कमी पोचते, आणि पू आत खोल पसरलेला असतो. गॉजवरचा मध पृष्ठभागावर काम करतो. तो दोन-चार मिलिमीटर आत जाईल, हाडात जाणार नाही. तिथे मध चांगला असता तरी उपयोग झाला नसता. आधी पू मोकळा करणे, मेलेले काढणे, रक्तपुरवठा पाहणे, मग पट्टी. हळदीने मधाचे काय होते हे बाजूलाच राहू द्या. अशा जखमेला घरी हात लावू नये, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याच भागातला दाखला आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या १०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना पेटीतून काढलेला, प्रक्रिया न केलेला मध, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम. मधाच्या गटात सात दिवसांत ९१ टक्के जखमा कल्चरमध्ये निर्जंतुक आल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. हा मध कच्चा होता, हे या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

पण एवढ्यावर नाचू नये. तो फरक इतका मोठा आहे की मला स्वतःला तो पचत नाही, आणि भाजण्यावरचे बरेच अभ्यास त्याच एका ठिकाणाहून आलेले आहेत. २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उथळ भाजलेल्या जखमा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात आणि शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमांनाही फायदा होतो, एवढे बऱ्यापैकी ठरले. पायाच्या जुन्या शिरांच्या जखमा, शुगरचे पाय यांबाबत तसे म्हणता आले नाही.

नळीतला मध महाग का, तर तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. सिस्टरांनी वर बीजाणूंचे लिहिले, ते उष्णतेने मारायचे तर मध करपेल आणि विकर आधी जाईल. किरणांनी बीजाणू मरतात आणि विकर बऱ्याच अंशी शाबूत राहते. बरणीतल्या मधाचा मला पेटीइतकाच आदर आहे, पण रुग्णाच्या उघड्या जखमेत तो मी घालणार नाही, विकर जिवंत असले तरी.

वाईचा विनायक

डॉक्टर, नळीतला बराचसा मध मनुकाचा असतो असे ऐकले. त्यातही हेच पेरॉक्साइड का?

कृष्णाकाठ

नाही, तो वेगळ्या वाटेने जातो. न्यूझीलंडच्या मनुका झुडपाच्या मकरंदात एक द्रव्य असते, त्यातून मध पिकताना मिथिलग्लायोक्झल तयार होते, आणि कॅटॅलेज घातले तरी त्या मधाची ताकद जात नाही. ही ताकद मिथिलग्लायोक्झलची आहे, हे २००८ मध्ये निश्चित झाले. म्हणून मनुकाला पाण्याची, ऑक्सिजनची, विकराची फारशी फिकीर नसते. जांभूळ, गेळा, हिरडा यांच्या मधाला मात्र असते. जावळीकर ताई, मला थोडा मध पाठवू शकाल का? ओळखीच्या प्रयोगशाळेत एक साधी चाचणी करून पाहतो.

जावळीकर

सर, एस.टी. पार्सलने तीन बाटल्या पाठवल्या आहेत. एक, या मेमध्ये काढलेला जांभळाचा, कधीही न तापवलेला. दोन, तोच मध, आमच्या नेहमीच्या पद्धतीने चुलीवर सोडवलेला. तीन, शेजारच्या काकांनी कड्यावरून उतरवलेला आग्याचा, तोही कच्चा.

कृष्णाकाठ (सहा दिवसांनी)

चाचणी झाली. कशी केली ते आधी सांगतो, म्हणजे निकालाला किती मान द्यायचा ते तुम्हालाच ठरवता येईल. आगरच्या थाळीवर स्टॅफिलोकॉकस सारखा पसरला, त्यात ६ मिलिमीटरची छिद्रे पाडली, आणि प्रत्येकात मध पाण्याने २५ टक्क्यांपर्यंत पातळ करून भरला. इतका पातळ का, तर साखरेचा परिणाम बाजूला पडावा म्हणून. हेच तपासायला एका छिद्रात तेवढ्याच दाटपणाचा ग्लुकोज-फ्रुक्टोजचा पाक भरला. आणि एका छिद्रात पहिल्या क्रमांकाचा मध, पण त्यात कॅटॅलेज मिसळून. रात्रभर ३७ अंशांवर ठेवले.

पाकाभोवती जंतू छिद्राच्या काठापर्यंत वाढले. न तापवलेल्या जांभळाच्या मधाभोवती १७ मिलिमीटरचे स्वच्छ वर्तुळ पडले. त्याच मधात कॅटॅलेज घातल्यावर वर्तुळ गेले, म्हणजे काम करणारे पेरॉक्साइडच होते. चुलीवर सोडवलेल्या मधाभोवती धूसर कडा होती, मोजण्यासारखे काही नाही. वडिलांना सांगा, दादा चुकले नव्हते, पण ते बरणीबद्दल नव्हे, पातेल्याबद्दल बरोबर होते.

आता अडचण. आग्याचा मधही कच्चा होता, वास आणि रंग उत्तम, आणि त्याभोवती वर्तुळ जवळजवळ नाही. दुसऱ्यांदा केले, तेच. पोळे पिळून काढलेल्या मधात परागकण खूप येतात, आणि परागांतून कॅटॅलेज येते, जे तयार झालेले पेरॉक्साइड जागीच खाऊन टाकते, असा माझा अंदाज आहे. पण तो कड्यावरून आणताना उन्हात किती वेळ राहिला हेही मला माहीत नाही, आणि प्रकाशानेही हे विकर दुबळे होते. एका बाटलीवरून आग्याच्या मधाला नावे ठेवणार नाही. थाळीवरचे वर्तुळ म्हणजे जखम नव्हे, हेही लक्षात ठेवावे, कारण थाळीत रक्त नसते, आणि जखमेत कॅटॅलेज भरपूर असते.

कराडचा प्रक्रियावाला

सर, पाणी उडवताना पोकळी वाढवली तर ४५ अंशांत काम होते, वेळ मात्र दुप्पट लागतो. एक घाणा तसा काढून त्याची बाटली पाठवू का? निकाल चांगला आला तरी मालक दुप्पट डिझेल जाळतील असे नाही, पण मला स्वतःला पाहायचे आहे.

कृष्णाकाठ

पाठवा. त्याच घाण्यातला न तापवलेला मधही सोबत द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि बाटली काळ्या कागदात गुंडाळा.

जावळीकर

काकांना विचारले. आग्याचा मध त्यांनी पिळूनच काढला होता आणि दोन दिवस ओसरीवर पांढऱ्या कॅनमध्ये होता, म्हणजे सरांची दोन्ही कारणे लागू पडतात आणि कोणते खरे ते कळत नाही. पुढच्या वेळी पिळलेला आणि निथळलेला असे दोन वेगळे, सावलीत ठेवून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

वडिलांची काल सातवी पट्टी झाली. आतला गॉज अजून सोनेरी आणि चिकट निघाला, म्हणून दादांनी आता दोन दिवसांआड यायला सांगितले. वडिलांनी त्यांना चुलीची गोष्ट सांगितली, आणि घरी आल्यावर गोठलेला डबा पातेल्याऐवजी उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली, सावलीत ठेवला आहे. दोन दिवस झाले, तळाशी अजून खडे आहेत.